भिंतीपासून किती अंतरावर उभे राहावे? : १४७१ मधील एक प्रश्न आणि दोन कोनांची वजाबाकी

एका उंच दालनात भिंतीवर एक चित्र टांगले आहे. चित्राची उंची १.६ मीटर आहे आणि त्याची खालची कड जमिनीपासून २.४ मीटरवर आहे. तुमचे डोळे जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर आहेत. तुम्ही फार लांब उभे राहिलात तर चित्र लहान दिसते. भिंतीला अगदी खेटून उभे राहिलात तर मान पूर्ण वर करूनही चित्राची नुसती निमुळती पट्टी दिसते. म्हणजे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी अशी जागा असली पाहिजे, की जिथून चित्र डोळ्यापाशी सर्वांत मोठा कोन करते. ती जागा कोणती?

कलनशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात हे उदाहरण ‘विकलजाचे उपयोग’ या प्रकरणात येते. त्यामुळे ते कलनाबरोबरच जन्माला आले असावे असे वाटते. प्रत्यक्षात हा प्रश्न कलनापेक्षा दोनशे वर्षांहून जुना आहे, आणि मूळ प्रश्नात चित्र नव्हते, काठी होती. काठीच्या जागी चित्र आले तेव्हा प्रश्नाचा अर्थ थोडा बदलला. तो बदल कोणता, हे या टिपणाच्या शेवटी आपल्याला स्पष्टपणे सांगता आले पाहिजे.

प्रश्नाची मांडणी

प्रथम चिन्हे ठरवून घेऊ. सर्व उंच्या डोळ्याच्या पातळीपासून मोजायच्या, जमिनीपासून नव्हे. चित्राच्या खालच्या कडेची डोळ्यापासूनची उंची a आणि वरच्या कडेची b मानू. आपल्या उदाहरणात a = २.४ − १.५ = ०.९ मीटर आणि b = ४.० − १.५ = २.५ मीटर. भिंतीपासूनचे अंतर x मीटर आहे.

डोळ्यातून जाणाऱ्या आडव्या रेषेशी वरच्या कडेकडे जाणारी दृष्टिरेषा जो कोन करते, त्याची स्पर्शज्या b/x आहे. खालच्या कडेसाठी ती a/x आहे. चित्राने व्यापलेला कोन θ म्हणजे या दोन कोनांतील फरक :

θ = arctan(b/x) − arctan(a/x)

x वाढले की दोन्ही कोन कमी होतात आणि x कमी झाले की दोन्ही वाढतात. म्हणून त्यांचा फरक कुठे सर्वांत मोठा होईल, हे नुसते पाहून सांगता येत नाही. प्रश्नातली खरी अडचण एवढीच आहे.

न्यूरेंबर्ग, जुलै १४७१

योहान्नेस म्युलर याचा जन्म १४३६ मध्ये जर्मनीच्या फ्रँकोनिया भागातील क्योनिग्सबेर्ग या गावी झाला. या गावाच्या नावाचा अर्थ ‘राजाचा डोंगर’. त्याच्या लॅटिन रूपावरून आपण म्युलरला रेगिओमोंटानुस या नावाने ओळखतो. व्हिएन्ना येथे पॉयरबाख या खगोलशास्त्रज्ञाच्या हाताखाली तो शिकला. १४६१ मध्ये कार्डिनल बेसारिओन यांच्याबरोबर तो इटलीला गेला आणि तिथे त्याने ग्रीक गणिताचा अभ्यास केला. त्रिकोणांवरचा त्याचा मोठा ग्रंथ १४६४ च्या सुमारास तयार झाला होता, पण तो छापला गेला १५३३ मध्ये, म्हणजे १४७६ साली रोममध्ये त्याचा मृत्यू झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

१४७१ मध्ये तो न्यूरेंबर्ग शहरात स्थायिक झाला. त्याच वर्षी ४ जुलै रोजी त्याने एर्फुर्ट विद्यापीठातील प्राध्यापक क्रिस्टियान रोडर यांना एक पत्र लिहिले. न्यूरेंबर्ग का निवडले याची कारणे त्यात आहेत : वेधासाठी लागणारी उपकरणे तिथे चांगली मिळतात आणि व्यापाऱ्यांची तिथे सतत ये-जा असल्यामुळे सर्व देशांतील विद्वानांशी संपर्क ठेवणे सोपे जाते. त्याच पत्रात त्याने रोडर यांच्यापुढे काही गणिती प्रश्नही ठेवले. विद्वानांनी एकमेकांना पत्रातून प्रश्न घालण्याची ही पद्धत त्याच्या सवयीची होती. इटलीत असताना फेरारा येथील जोव्हान्नी बियांकिनी यांच्याशीही त्याने अशीच देवघेव केली होती.

रोडर यांना घातलेल्या प्रश्नांपैकी एकाचा आशय असा : एक काठी उभी, लंब दिशेत टांगलेली आहे. जमिनीवरच्या कोणत्या बिंदूपासून ती सर्वांत मोठी दिसेल?

इथे ‘मोठी दिसणे’ या शब्दांना नेमका अर्थ आहे, आणि तो युक्लिडच्या प्रकाशविषयक ग्रंथातून आलेला आहे. त्या ग्रंथात गृहीत धरले आहे, की मोठ्या कोनातून दिसणारी वस्तू मोठी दिसते आणि समान कोनांतून दिसणाऱ्या वस्तू समान दिसतात. वस्तूचा दिसणारा आकार म्हणजे तिने डोळ्यापाशी केलेला कोन, ही व्याख्या एकदा मान्य केली की ‘सर्वांत मोठी कुठून दिसेल’ हा प्रश्न शुद्ध भूमितीचा होतो. डोळा जमिनीवरच आहे असे त्यात धरलेले असल्यामुळे डोळ्याच्या उंचीचा गोंधळही उद्भवत नाही.

तक्त्याने उत्तर मिळेल का?

त्या काळी arctan हे चिन्ह नव्हते आणि ‘फल’ ही कल्पनाही आजच्या अर्थाने नव्हती. ‘टँजंट’ हे नावसुद्धा १५८३ मध्ये तोमास फिंके याच्या पुस्तकातून रूढ झाले. तरी रेगिओमोंटानुसच्या हाताशी एक गोष्ट होती. १४६७ मध्ये हंगेरीत असताना त्याने खगोलगणितासाठी तक्त्यांचा एक संग्रह तयार केला होता. त्यातील एका तक्त्याला त्याने ‘फलदायी तक्ता’ असे नाव दिले होते. त्यात एकेका अंशाच्या अंतराने आज आपण ज्यांना स्पर्शज्या म्हणतो त्या किमती होत्या, आणि ४५ अंशांची किंमत १,००,००० धरलेली होती. हा तक्ता उलटा वाचला, म्हणजे किमतीवरून कोन शोधला, की आपला arctan मिळतो.

आता आपल्या चित्रासाठी वेगवेगळी अंतरे घेऊन कोन काढून पाहू. अंशाचे दोन दशांश घेतले आहेत.

x = १.० मीटर : θ = २६.२१°
x = १.२ मीटर : θ = २७.४९°
x = १.४ मीटर : θ = २८.०२°
x = १.५ मीटर : θ = २८.०७°
x = १.६ मीटर : θ = २८.०२°
x = २.० मीटर : θ = २७.११°
x = ३.० मीटर : θ = २३.११°

सर्वांत मोठी किंमत १.५ मीटरच्या आसपास आहे हे यावरून दिसते. पण ती नेमकी १.५ ला आहे की १.४८ ला? १.४८ मीटरवरचा कोन आणि १.५ मीटरवरचा कोन यांत फक्त ०.००२ अंशाचा, म्हणजे एका कलेच्या सुमारे सातव्या-आठव्या भागाचा फरक आहे. एकेका अंशाच्या तक्त्यातून मधल्या किमती सरळ प्रमाणाने काढल्या, तर ६० अंशांच्या जवळपास होणारी चूक ०.००७ अंशापर्यंत जाऊ शकते. शोधायचा फरक चुकीपेक्षा लहान आहे. म्हणून या तक्त्याने जागेचा अंदाज येतो, निर्णय होत नाही.

हा दोष एका तक्त्याचा नाही. महत्तम किमतीच्या जवळ आलेख जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे x मध्ये बराच बदल केला तरी θ फारसा हलत नाही. तक्ता कितीही बारीक केला तरी ही अडचण थोडी पुढे ढकलली जाते, संपत नाही. शिवाय तक्ता एकाच चित्राचे उत्तर देतो. दुसरे चित्र आले की सर्व आकडेमोड नव्याने करावी लागते. a आणि b यांच्याशी उत्तराचा संबंध काय, हे तक्ता सांगत नाही.

मात्र वरच्या आकड्यांत एक खूण आहे. x = ०.७५ मीटर घेऊन कोन काढा. तोही २३.११ अंश येतो, म्हणजे ३ मीटरवर येतो तेवढाच. आणि ०.७५ × ३ = २.२५, तर ab म्हणजे ०.९ × २.५ हेही २.२५. समान कोन देणाऱ्या दोन अंतरांचा गुणाकार ab येतो. हे असे का होते, याचे उत्तर भूमितीत आहे.

वर्तुळाने मिळणारे उत्तर

पुढील सिद्धतेची मांडणी आपली आहे, पण तिच्यातले प्रत्येक साधन युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथात आहे आणि रेगिओमोंटानुसच्या काळी ते सर्व अभ्यासकांना परिचित होते. कागदावर आकृती काढत वाचा.

भिंत म्हणून एक उभी रेषा काढा. डोळ्याच्या पातळीची आडवी रेषा तिला O मध्ये मिळते. O च्या वर भिंतीवर A ही चित्राची खालची कड आणि B ही वरची कड : OA = a, OB = b. डोळा आडव्या रेषेवर कुठेतरी आहे.

A आणि B मधून जाणारे आणि आडव्या रेषेला स्पर्श करणारे वर्तुळ काढा. आपल्या बाजूचा स्पर्शबिंदू T म्हणा. दावा असा, की सर्वांत मोठा कोन T पाशी आहे.

आडव्या रेषेवर, भिंतीच्या त्याच बाजूला, T सोडून दुसरा कोणताही बिंदू P घ्या. ती रेषा वर्तुळाची स्पर्शिका असल्यामुळे P वर्तुळाच्या बाहेर आहे. P आणि B जोडा. हा रेषाखंड B च्या आधी वर्तुळाला आणखी एका बिंदूत छेदतो; त्याला Q म्हणा. Q आणि T हे दोन्ही जीवा AB च्या एकाच बाजूच्या कंसावर आहेत. म्हणून आंतरलिखित कोनाच्या प्रमेयानुसार ∠AQB = ∠ATB. आता त्रिकोण APQ पाहा. ∠AQB हा त्याचा बाह्यकोन आहे, म्हणून तो दूरस्थ आंतरकोन ∠APB पेक्षा मोठा आहे. म्हणजे ∠ATB > ∠APB. P कोणताही असला तरी हेच होते, म्हणून दावा सिद्ध झाला.

T चे अंतर स्पर्शिका-छेदिका प्रमेयावरून लगेच मिळते. O मधून OT ही स्पर्शिका आणि OAB ही छेदिका आहे, म्हणून OT² = OA × OB. म्हणजेच

x² = ab

अंतर हे दोन उंच्यांचा भूमितीमध्य आहे. आपल्या उदाहरणात x² = २.२५, म्हणून x = १.५ मीटर. ‘सुमारे’ हा शब्द आता गेला.

मघाची खूणही आता उलगडते. स्पर्श करणाऱ्या वर्तुळाऐवजी A आणि B मधून जाणारे थोडे मोठे वर्तुळ काढले, तर ते आडव्या रेषेला दोन बिंदूंत छेदते. त्या दोन्ही बिंदूंपासून AB एकाच कोनात दिसते आणि त्यांच्या O पासूनच्या अंतरांचा गुणाकार ab असतो. वर्तुळ लहान करत गेलो की हे दोन बिंदू जवळ येतात, आणि स्पर्शाच्या क्षणी एकरूप होतात. ०.७५ आणि ३ मीटर ही अशीच एक जोडी होती.

या वर्तुळाची त्रिज्या O पासून AB च्या मध्यापर्यंतच्या अंतराएवढी, म्हणजे (a + b)/२ आहे. जीवेची निम्मी लांबी (b − a)/२ आहे. त्यावरून महत्तम कोनाचे सूत्रही मिळते : sin θ = (b − a)/(b + a). आपल्या चित्रासाठी हे १.६/३.४ आहे आणि कोन २८.०७ अंश येतो. वरच्या यादीशी तो जुळतो.

कलनाने तेच उत्तर

लाइब्निझचा विकलनावरचा पहिला लेख १६८४ मध्ये प्रसिद्ध झाला. महत्तम आणि लघुतम किमती काढण्याची नवी रीत, असेच त्याच्या शीर्षकात म्हटले होते. ही रीत आली तेव्हा अशा प्रत्येक प्रश्नासाठी नवे वर्तुळ सुचण्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही. कोनांची वजाबाकी मांडायची आणि विकलज काढायचा :

dθ/dx = a/(x² + a²) − b/(x² + b²)

समान छेद करून एकत्र केल्यास

dθ/dx = (b − a)(ab − x²) / [(x² + a²)(x² + b²)]

हे शेवटचे रूप लिहिण्याचा कंटाळा करू नका. विकलज शून्य ठेवून x² = ab मिळवणारे पुष्कळ विद्यार्थी तिथेच थांबतात; तेवढ्याने ती किंमत महत्तम आहे की लघुतम हे ठरत नाही. या रूपात छेद आणि (b − a) हे दोन्ही धन आहेत, म्हणून विकलजाचे चिन्ह फक्त (ab − x²) वर अवलंबून आहे. x² हे ab पेक्षा लहान असेतो θ वाढतो, त्यानंतर कमी होतो. म्हणून हा एकमेव आणि खरा महत्तम बिंदू आहे. दुसरा विकलज काढण्याची गरज नाही.

आता arctan बद्दल. रेगिओमोंटानुसला कोन तक्त्यातून उलटा वाचावा लागत होता. पण स्पर्शज्येवरून थेट कोन देणारी अनंत श्रेणी त्याच्या आधीच केरळात माहीत झाली होती. ती संगमग्राम माधव यांची मानली जाते. इसवी सन १५३० च्या सुमारास ज्येष्ठदेव यांनी मल्याळममध्ये लिहिलेल्या ‘युक्तिभाषा’ या ग्रंथात तिची उपपत्ती दिलेली आहे. आजच्या चिन्हांत ती अशी :

arctan t = t − t³/३ + t⁵/५ − t⁷/७ + …

ही श्रेणी t ची किंमत १ पेक्षा मोठी असल्यास चालत नाही. आपल्या चित्रासाठी १.५ मीटरवर a/x = ०.६ आहे, ते चालेल; पण b/x = ५/३ आहे, ते चालणार नाही. अशा वेळी कोटिकोन घ्यायचा : arctan(५/३) = ९०° − arctan(३/५). आणि ३/५ म्हणजे पुन्हा ०.६. दोन कोनांसाठी एकच श्रेणी पुरते. तिची सात पदे घेतली की ०.५४०४ रेडियन, म्हणजे ३०.९६ अंश मिळतात, आणि θ = ९०° − २ × ३०.९६° = २८.०८°. शेवटच्या अंकातला फरक दोन दशांशांपर्यंत घेतल्यामुळे आलेला आहे.

हा योगायोग नाही. x² = ab असेल तर b/x आणि a/x यांचा गुणाकार १ होतो, म्हणून ते दोन कोन नेहमीच एकमेकांचे कोटिकोन असतात. त्यांची बेरीज ९० अंश आणि सरासरी ४५ अंश. म्हणजे चित्र कोणतेही असो, सर्वांत मोठ्या कोनाच्या जागी उभे राहिल्यावर त्या कोनाचा दुभाजक डोळ्याच्या पातळीशी ४५ अंशच करतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. ती लगेच उपयोगी पडणार आहे.

सूत्र कुठे चुकते, किंवा चुकवते

पहिली चूक मोजण्याची आहे. a आणि b जमिनीपासून मोजले, तर आपल्या चित्रासाठी २.४ × ४.० = ९.६ आणि x सुमारे ३.१ मीटर येते. खऱ्या उत्तराच्या दुपटीहून हे जास्त आहे, आणि तिथे कोन फक्त २२.७ अंश आहे. चूक ओळखण्याची सोपी रीत वरच्या परिच्छेदात आहे : निघालेल्या जागेवरून दोन्ही कडांचे डोळ्याशी होणारे कोन काढा आणि बेरीज करा. ती ९० अंश आली नाही तर मापे चुकली आहेत.

दुसरी चूक सूत्र लागू करण्याची आहे. घरात किंवा बहुतेक प्रदर्शनांत चित्राची खालची कड डोळ्याच्या खाली आणि वरची कड डोळ्याच्या वर असते. तिथे a ऋण होतो. ab ऋण असल्यामुळे x² = ab ला वास्तव उत्तरच नाही, आणि विकलज सर्वत्र ऋण राहतो. म्हणजे जितके जवळ जावे तितका कोन मोठा होतो आणि भिंतीपाशी तो १८० अंशांकडे जातो. a = ० असतानाही महत्तम बिंदू नसतो. इथे कोणी ऋण चिन्ह गाळून वर्गमूळ काढले तर एक अंतर मिळेल, पण त्याला काहीच अर्थ नसेल. सर्वोत्तम जागा असते ती फक्त संपूर्ण चित्र डोळ्याच्या पातळीच्या एकाच बाजूला, पूर्ण वर किंवा पूर्ण खाली, असेल तेव्हाच. रेगिओमोंटानुसची काठी टांगलेली होती आणि डोळा जमिनीवर होता, हा तपशील म्हणूनच महत्त्वाचा आहे.

तिसरा मुद्दा चुकीचा नाही, प्रश्नाच्या अर्थाचा आहे. १.५ मीटरवर उभे राहून आपल्या चित्राचे दोन समान भाग करा, ८० सेंटीमीटरचा खालचा आणि तेवढाच वरचा. खालचा भाग १७.६ अंश व्यापतो आणि वरचा १०.५ अंश. आता ३ मीटरवर जा. खालचा भाग १२.८ अंश, वरचा १०.३ अंश. दोन जागांची तुलना केली तर ३ मीटरवरून १.५ मीटरवर येताना मिळालेले सुमारे पाच अंश जवळजवळ सगळे खालच्या अर्ध्या भागाच्या वाट्याला गेले आहेत. वरच्या अर्ध्या भागाला एका अंशाचा चौथा भागही मिळालेला नाही. शिवाय १.५ मीटरवर डोळ्यापासून वरची कड २.९२ मीटर आणि खालची १.७५ मीटर दूर आहे, म्हणून एकाच रुंदीच्या चित्राची वरची कड खालच्या कडेच्या सुमारे तीन-पंचमांश रुंद दिसते. आणि त्यासाठी नजर ४५ अंश वर ठेवावी लागते. ३ मीटरवर हीच सरासरी दिशा २८ अंशांची आहे.

आता मूळ प्रश्न आणि पाठ्यपुस्तकातला प्रश्न यांतला फरक नेमका सांगता येतो. काठीला दोन टोके असतात. ‘ती किती मोठी दिसते’ या प्रश्नाचे पूर्ण उत्तर टोकांमधल्या कोनात येऊन जाते. चित्राला टोकांच्या मध्ये काहीतरी असते : खाली आणि वर काय रंगवले आहे, त्यांचे एकमेकांशी प्रमाण काय आहे. θ मध्ये फक्त कडा येतात, मधले काहीच येत नाही. म्हणून x² = ab हे काठीसाठी पूर्ण उत्तर आहे; चित्रासाठी ते फक्त ‘कडांमधला कोन कुठे सर्वांत मोठा’ या प्रश्नाचे उत्तर आहे. ‘चित्र कुठून सर्वांत चांगले दिसेल’ याचे उत्तर ते नाही.

आलेखाचा जो सपाटपणा तक्त्याने उत्तर शोधताना आड आला होता, तोच दालनात उभ्या असलेल्या माणसाच्या कामी येतो. १.२ मीटरवर कोन २७.४९ अंश आहे. तिचे जोडीचे अंतर २.२५/१.२ म्हणजे १.८७५ मीटर, तिथेही तेवढाच. या सुमारे ६७ सेंटीमीटरच्या पट्ट्यात कुठेही उभे राहिले तरी महत्तम कोनाच्या दोन टक्क्यांहून थोडेच अधिक गमवावे लागते. तेव्हा १.५ मीटरवर खडूची खूण करून तिथेच उभे राहण्याचे कारण नाही. थोडे मागे सरकावे. कोन फारसा कमी होत नाही, मान कमी वाकते आणि चित्राचा वरचा भाग खालच्याच्या मानाने कमी आखडलेला दिसतो.

स्वतः करून पाहा

तुमच्या महाविद्यालयात डोळ्याच्या पातळीच्या पूर्ण वर असलेला एखादा फलक किंवा चित्र शोधा. त्याच्या दोन्ही कडांची जमिनीपासूनची उंची आणि तुमच्या डोळ्यांची उंची मोजा. x काढा आणि तिथून दोन्ही कडांच्या कोनांची बेरीज ९० अंश येते का ते तपासा. नंतर फलकाच्या खालच्या व वरच्या अर्ध्या भागांचे कोन वेगवेगळे काढा, आणि त्याच फलकावरचा मजकूर वाचायचा असेल तर तुम्ही कुठे उभे राहाल ते लिहा. दोन उत्तरे वेगळी आली, तर पहिले काठीसाठी आहे आणि दुसरे चित्रासाठी.